एकोणीस झोके आणि एक पत्र

अकरावीतल्या एका मुलीने लंबकाच्या प्रकल्पाचा व्हिडिओ मॅडमकडे दुसऱ्यांदा दिला, सोबत एक पत्र जोडून. पहिल्या व्हिडिओत गुरुत्व त्वरण १०.७ आले होते. यायला हवे होते ९.८ च्या आसपास.

‘मॅडम, मिनिट २:१० पाहा,’ ती लिहिते. ‘गोळा सोडतानाच मी “एक” म्हटले होते. त्यामुळे वीस म्हणेपर्यंत झोके एकोणीसच झाले. आता “शून्य”पासून मोजले आहे.’ वेळ ३८.१ सेकंदांवरून ४०.१ वर गेली. सूत्रात वेळेचा वर्ग असतो, म्हणून एवढ्याशा चुकीने उत्तर सुमारे अकरा टक्क्यांनी फुगले होते.

दुसरी दुरुस्ती लांबीची. आधी दोरा गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत, ९८.५ सेंटिमीटर मोजला होता. ती मोजायची गोळ्याच्या केंद्रापर्यंत. ३ सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याची त्रिज्या मिळवून १०० झाली. नवे उत्तर ९.८.

तिसरी ओळ सगळ्यात प्रामाणिक: ‘पडद्यावरचा आलेख जुन्याच आकड्यांचा राहिला होता, तोही बदलला. पार्श्वभूमीचे संगीत मात्र तसेच आहे.’

‘दुरुस्त केला आहे’ एवढेच लिहिले असते, तर मॅडमना अख्खा व्हिडिओ पुन्हा पाहावा लागला असता.