सासरच्या स्वागताला नवरीचं उत्तर

स्वागत समारंभात सासरे माईक हातात घेतात, सुनेचं कौतुक करतात आणि म्हणतात, "आता तूही दोन शब्द बोल." अशा वेळी बहुतेक नवऱ्या आभारांची यादी सुरू करतात. यादीत एखादी काकू किंवा आत्या हमखास राहून जाते आणि तो रुसवा वर्षानुवर्षं टिकतो. त्यापेक्षा सासऱ्यांनी आत्ता जे म्हटलं त्यालाच उत्तर द्यावं.

समजा ते म्हणाले, "आमच्या घरात मुलगी नव्हती, ती आज आली." तर उत्तर असं देता येईल:

"सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार. बाबा, तुम्ही मला मुलगी म्हणालात. साखरपुड्यानंतर मी पहिल्यांदा घरी जेवायला आले, तेव्हा आजींनी माझ्यासाठी बिनतिखटाची आमटी वेगळी काढून ठेवली होती. मला तिखट सोसत नाही हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईंनी माझ्या घरी फोन करून विचारून घेतलं होतं. त्या दिवशी माझी भीती गेली. माझे मम्मी-पप्पा समोर बसले आहेत. माणसं जपायला मी त्यांच्याकडूनच शिकले आणि ते शिकणं घेऊनच या घरात येते आहे. इथल्या रीती मला अजून ठाऊक नाहीत. चुकले तर हक्कानं सांगा, आणि मलाही हक्कानं विचारू द्या. आशीर्वाद असावा."

हे सावकाश बोललं तरी मिनिटभरात संपतं. त्यातला सगळा जीव आमटीच्या वाटीत आहे. "तुम्ही सगळे खूप प्रेमळ आहात" हे कोणत्याही सासरी चालेल. ती वाटी याच घरची. म्हणून भाषण लिहायला बसण्याआधी असा एक खरा प्रसंग आठवावा. तो सापडला की बाकीची वाक्यं आपोआप सुचतात.

आई-वडिलांचं वाक्य मुद्दाम मध्ये ठेवलं आहे. ते शेवटी आलं की गळा दाटतो आणि निरोपाचे शब्द ऐकूच येत नाहीत. मध्ये आवाज कापला तरी पुढच्या साध्या वाक्यावर सावरता येतो. "आजपासून तुम्हीच माझे आई-वडील" हे मात्र टाळावं. पहिल्या रांगेत बसलेल्या जन्मदात्यांना ते लागतं. "कधीच तक्रार येऊ देणार नाही" असा शब्दही देऊ नये. तो कुणालाच पाळता येत नाही.

भाषण घरी मोठ्यानं म्हणून पाहावं. जिथे दम लागतो, तिथे वाक्य तोडावं. कागद लागलाच तर पोस्टकार्डाएवढा, ठळक अक्षरांत लिहिलेला असावा. मंचावरच्या दिव्यांत मोबाईलचा पडदा नीट दिसत नाही.

बोलणं संपता संपता "नाव घे, नाव घे" असा गलका होणारच. उखाणा तयार असू द्यावा, पण आधी नमस्कार करून क्षणभर थांबावं. उखाण्याच्या टाळ्या मोठ्या असतात. आजींपर्यंत आमटीची गोष्ट त्याआधी पोचायला हवी.