हिस्सेरशीचा हिशेब: सामाईक खरेदीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

"चादरी बाराशेच्या होत्या, मग माझे बाराशे कुठे आहेत?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मी इतक्या वेळा आणि इतक्या सज्जन माणसांच्या तोंडून ऐकला आहे, की विचारणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी मला तिळमात्र शंका उरलेली नाही, शंका उरली आहे ती त्याच्या अंकगणिताविषयी. आमच्या सिडकोतील वसाहतीत चार-सहा घरांनी मिळून एकाच्या खात्यावरून सामान मागवण्याची पद्धत रूढ झाली आहे, आणि ते एकाचे खाते बहुतेक वेळा माझे असते. सबब हा तगादा प्रथम माझ्याच दारी येतो. पहिल्या खेपेस शेजारधर्म म्हणून मी वरची रक्कम मुकाट्याने पदरची भरली. आता मात्र मी कागद पुढे करतो, आणि तोच कागद येथे उलगडून ठेवीत आहे.

परत केलेल्या वस्तूची छापील किंवा पडद्यावर दिसलेली पूर्ण किंमत परत मिळते, हा तो मुख्य गैरसमज. वस्तुस्थिती अशी, की परत मिळते ती त्या वस्तूपोटी प्रत्यक्ष भरलेली रक्कम; आणि सामाईक मागणीत ती रक्कम किती, हे सवलतीची वाटणी कशी झाली यावर अवलंबून असते.

एक मागणी उदाहरणादाखल घेऊ. दिवाळीच्या तोंडावर चार घरांनी मिळून सामान मागवले. माझा कुकर २,४०० रुपयांचा, समोरच्या घरचा सुका मेवा १,६०० रुपयांचा, वरच्या मजल्यावरील काकूंच्या चादरी १,२०० रुपयांच्या आणि तळमजल्यावरील बिऱ्हाडाचा पाण्याचा ड्रम ८०० रुपयांचा. आमच्या शहरात नळाला पाणी येण्याचे अंतर दिवसांत मोजावे लागते, तेव्हा ड्रम ही येथे संसाराची आवश्यक वस्तू आहे. एकूण बेरीज ६,००० रुपये. पाच हजारांवरील खरेदीस दहा टक्के सूट असल्यामुळे ६०० रुपये वजा झाले, ड्रम अवजड म्हणून त्याच्या पोचवणुकीचे १२० रुपये वाढले, आणि मी ५,५२० रुपयांचा भरणा केला.

आता या सहाशे रुपयांचे काय करावे? "चार घरे, प्रत्येकी दीडशे" असे उत्तर तत्काळ येते, आणि समतेचा आभास त्यात असल्यामुळे ते सर्वांना पटतेही. परंतु या वाटणीने आठशेच्या ड्रमला जवळजवळ एकोणीस टक्के सूट मिळते आणि चोवीसशेच्या कुकरला जेमतेम सहा टक्के. सूट किमतीवर टक्केवारीने मिळालेली असताना ती डोकी मोजून वाटणे हा न्याय नव्हे. जुन्या दप्तरांत यासाठी एक नेमका शब्द होता, हिस्सेरशी. म्हणजे ज्याचा जेवढा हिस्सा, त्या प्रमाणात त्याचा लाभ आणि त्याच प्रमाणात त्याचा भार. हिस्सेरशीने कुकरला २४०, मेव्याला १६०, चादरींना १२० आणि ड्रमला ८० रुपये सूट येते. म्हणजे माझे देणे २,१६०, मेव्याचे १,४४०, काकूंचे १,०८० आणि ड्रमचे ७२०.

काकूंच्या चादरींचा रंग त्यांना आवडला नाही आणि त्यांनी त्या परत केल्या, तर विक्रेता १,०८० रुपये परत करील, बाराशे नव्हे. कारण बाराशे रुपये कोणी भरलेच नव्हते. हे पटत नसेल तर बिलाची प्रत काढून पाहावी. वस्तू व सेवा कराच्या कायद्यातील १५ व्या कलमानुसार विक्रीच्या वेळी बिलात नोंदलेली सूट वजा करूनच करपात्र मूल्य ठरते. म्हणून वस्तूनिहाय बिलात प्रत्येक वस्तूसमोर सूट वजा जाता उरलेली रक्कम सापडते, आणि सामाईक हिशेबाचा आधार म्हणून तीच ओळ धरावी, मोबाइलच्या पडद्यावर ठळक अक्षरांत झळकलेली किंमत नव्हे. समान वाटणीचा दोषही येथेच उघडा पडतो. दीडशेच्या वाटणीने काकूंकडून १,०५० रुपये घेतले असते आणि विक्रेत्याने १,०८० परत केले असते. म्हणजे चादरी परत करून काकूंना तीस रुपये नफा व्हायचा, आणि तो शेजाऱ्यांच्या खिशातून!

येथवरचा हिशेब सरळ आहे. खरा कलह पुढे आहे. चादरी गेल्यावर उरलेली खरेदी ४,८०० रुपयांची राहते, म्हणजे पाच हजारांची अट मोडते. आणि काही विक्रेत्यांच्या अटींत असे लिहिलेले असते की अट मोडल्यास संपूर्ण सूट मागे घेतली जाईल. अशा वेळी विक्रेता उरलेल्या वस्तूंची पूर्ण किंमत ४,८०० धरतो, वस्तूंपोटी भरलेल्या ५,४०० रुपयांतून ती वजा करतो आणि केवळ ६०० रुपये परत पाठवतो. काकूंच्या अपेक्षेपेक्षा हे ४८० रुपयांनी कमी. हे ४८० कोणी सोसावेत?

आकड्याकडे नीट पाहिले तर उत्तर त्यातच दडलेले आहे. माझ्या सवलतीचे २४०, मेव्याचे १६० आणि ड्रमचे ८० यांची बेरीज बरोबर ४८० होते. म्हणजे विक्रेत्याने काकूंच्या चादरींतून काहीच कापलेले नाही; त्याने उरलेल्या तिघांची सूट काढून घेतली आहे आणि तिचा भार परताव्यावर टाकला आहे. म्हणून प्रश्न असा मांडावा: तिघांची सूट कोणाच्या कृतीने गेली? रंग आवडला नाही म्हणून चादरी परत केल्या असतील, तर तो निर्णय सर्वस्वी काकूंचा, आणि ४८० रुपयांचा भारही त्यांचा. चादरी फाटक्या निघाल्या असतील, तर दोष काकूंचा नाही. तेव्हा तिघांनी आपापली सूट सोडून द्यावी आणि काकूंना त्यांचे १,०८० पूर्ण द्यावेत. यात तिघांचे नुकसान होते असे वाटते खरे, तथापि एकेकट्याने मागवले असते तर त्यांना तीच पूर्ण किंमत पडली असती. एकत्र येण्याने जो लाभ झाला होता तेवढाच गेला. मूळ भांडवलास धक्का लागला नाही.

अर्थात फाटक्या मालाच्या बाबतीत शेजाऱ्यांच्या सवलतीवर हात टाकण्यापूर्वी विक्रेत्याशी भांडावे, हे उत्तम. केंद्र सरकारच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास अथवा त्याचे पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावावा, असेही तेच नियम सांगतात. तेथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. प्रथम बदली माल मागावा. तो मिळाला तर अटही मोडत नाही आणि वादही उरत नाही.

"पण खाते तुमचे, मग मी ग्राहक कसा?" हा दुसरा गैरसमज याच ठिकाणी डोके वर काढतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यातील ग्राहकाच्या व्याख्येत विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्याचाही समावेश आहे. एवढेच नव्हे, तर तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते. म्हणजे विक्रेत्याची कचेरी बंगळुरात असली तरी काकूंना छत्रपती संभाजीनगर सोडून जावे लागत नाही. फक्त खातेदाराची संमती आणि पैसे दिल्याची नोंद जवळ असावी.

पोचवणुकीचा खर्च नेहमी सर्वांत समान वाटावा, हा तिसरा समज अर्धा खरा आहे. एका मागणीस एकच ठरीव आकार लागला असेल, तर गाडी एकाच फाटकाशी येते आणि कुकर महाग म्हणून तिला अधिक इंधन लागत नाही. तेव्हा तो घरटी समान वाटणेच योग्य. परंतु आमच्या उदाहरणातील १२० रुपये ड्रममुळे लागले आहेत. कुरिअरवाले पुष्कळदा केवळ वजन पाहत नाहीत, माल किती जागा अडवतो तेही पाहतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला ५,००० ने भागण्याची रीत त्यांच्यात सर्रास दिसते. त्या रीतीने ४५, ४५ आणि ७० सेंटिमीटरचा रिकामा ड्रम, जो एका हाताने उचलता येतो, कागदावर २८ किलोंहून अधिक भरतो. सबब हे १२० रुपये ड्रमवाल्या बिऱ्हाडाचेच. त्यांचे देणे ८४० होते, आणि एकट्याने मागवते तर ते ९२० झाले असते. तेव्हा तक्रारीस जागा नाही.

किरकोळ गैरसमजांना एकेक ओळ पुरे. परतीची मुदत तुम्ही खोके उघडल्या दिवसापासून मोजली जात नाही, रखवालदाराने ते ताब्यात घेतल्या दिवसापासून मोजली जाते. म्हणून दिवाळीला गावी गेलेल्यांचे खोके खातेदाराने उघडून पाहावे. परताव्याची रक्कम चादरीवाल्यांच्या खात्यात जमा होत नाही; ज्या कार्डावरून वा खात्यावरून भरणा झाला तेथेच ती येते, आणि म्हणून ती आल्याशिवाय खातेदाराकडे तगादा लावू नये. कार्डावर मागाहून मिळणारी कॅशबॅक खातेदाराची खाजगी मिळकत नव्हे, तीही हिस्सेरशीने वाटायची. तो जो खटाटोप करतो त्याचा मोबदला द्यायचा असेल तर उघड ठरवून द्यावा. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कार्यालयांतून मागवणाऱ्यांनी कंपनीचा जीएसटी क्रमांक टाकलेल्या बिलात स्वतःच्या घरचे सामान घुसडू नये, कारण वैयक्तिक उपभोगाच्या मालावरील कराची वजावट कायद्याने कंपनीला मिळत नाही आणि हिशेब तपासनीस ती ओळ हुडकून काढतोच.

हे सर्व मागणी नोंदवण्यापूर्वी चार ओळींत लिहून ठेवता येते: कोणाची वस्तू किती रुपयांची, सूट कोणत्या अटीवर मिळते, पोचवणूक कशामुळे लागली, आणि कोणी मन बदलले तर मोडलेल्या अटीचा भार कोणावर. चौथी ओळ लिहिताना सर्वांना संकोच वाटतो, आणि नेमकी तीच लिहिली नाही म्हणून जिन्यातले बोलणे बंद होते. काकूंनी मागच्या खेपेस ती ओळ स्वतःच्या हाताने लिहिली, खाली सही केली, आणि मग चादरींचा रंग पुन्हा एकदा निरखून पाहून म्हणाल्या, "थांबा, निळ्याच मागवा."