फोटोवरून कीबोर्ड ओळखताना

सेकंडहँड कीबोर्डच्या जाहिरातीत बहुधा एवढंच असतं: ‘यामाहा, ६१ कीज, कंडिशन मस्त’. सोबत एक तिरका फोटो, आणि मॉडेलच्या नावावर नेमकी ट्यूबलाइट चमकलेली. तरीही त्या फोटोतून बरंच कळतं.

आधी ६१चा दावा तपासावा. त्यासाठी प्रत्येक पट्टी मोजायची गरज नाही. काळ्या पट्ट्या दोन-दोन आणि तीन-तीनच्या गटांत असतात. तीनचे गट पाच भरले, की पट्ट्या ६१. चारच भरले, तर समोर ४९ पट्ट्यांचा लहान कीबोर्ड आहे.

मग नजर डाव्या टोकाकडे न्यावी. तिथे पट्ट्यांशेजारी बोटाने फिरवायचं चाक दिसतं का? ते पिच बेंड. धरलेला सूर त्याने वर-खाली सरकतो, त्यामुळे मींडेसारखा परिणाम साधता येतो. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेत हे चाक मोठाच फरक सांगतं: ई३६३ किंवा ई३७३वर ते नाही, ई४५३ आणि ई४६३वर आहे. विक्रेता ‘चारशेची सिरीज’ म्हणत असेल आणि डावीकडे नुसतं सपाट प्लॅस्टिक असेल, तर तिथेच थांबावं.

समजा, चाक आहे. पॅनेलवर गोल फिरणाऱ्या दोन नॉबही आहेत. ई४५३ आणि ई४६३ या दोन्हींना ते लागू पडतं, म्हणून आता फोटो मोठा करून अक्षरं वाचायची. ‘ग्रूव्ह क्रिएटर’ किंवा ‘क्विक सॅम्पलिंग’ असं छापलेलं दिसलं, तर कल ई४६३कडे. पण इथे एक गोम आहे. खास भारतासाठी काढलेला पीएसआर-आय५०० दिसायला ई४६३चाच भाऊ आहे. त्यात भारतीय वाद्यांचे आवाज आणि रियाजाची सोय मिळते. म्हणजे नुसत्या ठेवणीवरून शेवटचा निकाल देता येत नाही.

मागच्या बाजूचा फोटो मागवावाच. जवळपास चौकोनी यूएसबीचं भोक कॉम्प्युटरला जोडण्यासाठी असतं. चपटं भोक पेनड्राइव्हसाठी. ई३७३ला पहिलं आहे, दुसरं नाही. मोठं गोल भोक हेडफोनचं की सस्टेन पेडलचं, हे आकारावरून ठरवू नये, दोन्ही सारखीच असू शकतात. शेजारची अक्षरं वाचावी. डावे-उजवे आउटपुट वेगवेगळे आणि माइकचीही जागा असेल, तर तो नंतरचा ई४७३ असण्याची शक्यता मोठी. अर्धगोलात पाच छिद्रं असलेलं गोल सॉकेट म्हणजे जुन्या पद्धतीचं मिडी. वाद्य बरंच जुनं असण्याची ती खूण.

जाहिरातीतला फोटो फारच झकास, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा असेल, तर तो कॅटलॉगमधून उचललेला समजावा. अशा वेळी कीबोर्ड उलटा करून तळाच्या लेबलचा फोटो मागावा. त्यावर मॉडेल नंबर असतो. शिवाय ॲडाप्टर किती व्होल्टचा हवा, हेही बहुधा तिथेच किंवा भोकाशेजारी कळतं.