वर्ष संपताना मेंटॉरने काय लिहावं?

दहावीनंतर शिकणाऱ्या आणि घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलामुलींसाठी आता अनेक संस्था मेंटॉरिंगचे उपक्रम चालवतात. नोकरी करणारी एखादी व्यक्ती आणि एक विद्यार्थी अशी जोडी लावली जाते. दोघं वर्षभर ठरलेल्या दिवशी भेटतात, अभ्यास, प्रवेश, घरची ओढाताण, इंग्रजीची भीती अशा सगळ्या विषयांवर बोलतात. जोडी कशी लावायची आणि पहिली भेट कशी घ्यायची याचं प्रशिक्षण मेंटॉरना मिळतं. शेवटच्या भेटीत काय द्यायचं आणि काय सांगायचं हे मात्र बहुतेक वेळा त्यांच्यावरच सोडलं जातं. मग आदल्या रात्री मोबाइलवर एक मेसेज टाइप होतो.

मी अशा उपक्रमात समन्वयक म्हणून काम करते, त्यामुळे असे बरेच निरोप वाचायला मिळतात. पोटतिडिकीने लिहिलेल्या निरोपातही काही गोष्टी हमखास चुकतात आणि त्याचा त्रास मुलांना होतो. हा त्रास काल्पनिक नाही. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या अमेरिकन संशोधकांनी 2002 मध्ये ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या संस्थेतल्या अकराशेहून अधिक मुलांचा अभ्यास मांडला. ही मुलं 10 ते 16 वर्षांची होती. ज्यांच्या जोड्या वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकल्या, त्यांना सर्वाधिक फायदा झालेला दिसला. तीन महिन्यांच्या आत जोडी तुटलेल्या मुलांचा स्वतःविषयीचा विश्वास मात्र आधीपेक्षा खाली गेला होता. अशा मुलांच्या आयुष्यात आधीच कोणी ना कोणी न सांगता निघून गेलेलं असतं. त्यात आणखी एकाची भर पडली, तर मूल दोष स्वतःला देतं. म्हणूनच अमेरिकेत मेंटॉरिंग संस्थांसाठी जी मानकं ठरवली आहेत, त्यात निवड, प्रशिक्षण आणि जोडणी यांच्या बरोबरीने समारोपालाही स्वतंत्र स्थान दिलं आहे.

आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ. प्रसंग वेगवेगळ्या जोड्यांमधून उचलून एकत्र केले आहेत, म्हणजे कोणाची ओळख उघड होणार नाही. मुलगी पुण्यातल्या तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील रिक्षा चालवतात, आई दोन घरी स्वयंपाक करते. तिची मेंटॉर एका कंपनीत इंजिनिअर आहे. मुलगी तिला ताई म्हणते. जुलैमध्ये सुरू झालेलं वर्ष जूनमध्ये संपणार आहे. ताईंनी पहिला मसुदा मला दाखवला, तो साधारण असा होता:

“तू खूप हुशार आणि गुणी मुलगी आहेस. आयुष्यात खूप मोठी हो. तुझ्यासाठी मी काही करू शकले याचं समाधान आहे. हे वर्ष संपलं तरी आपलं नातं संपत नाही. कधीही, कसलीही अडचण आली तर निःसंकोच फोन कर, मी सदैव तुझ्या पाठीशी आहे.”

यातला शब्दन् शब्द मनापासून लिहिलेला होता. तरी मी त्यांना तो बदलायला सांगितला. ‘हुशार आणि गुणी’ हे शेजारच्या काकूही म्हणतात. ज्या व्यक्तीने वर्षभर जवळून पाहिलं, तिच्याकडून मुलीला याहून काही वेगळं हवं असतं. शिवाय हुशारीचं कौतुक पुढच्या नापास विषयाच्या वेळी उपयोगी पडत नाही. उलट ‘मग मी हुशार नव्हतेच’ असा निष्कर्ष मुलं काढतात.

जास्त अडचण शेवटच्या वाक्याची होती. ‘कधीही फोन कर’ हे सांगणाऱ्याला मोठ्या मनाचं वाटतं. ऐकणाऱ्या मुलीचं मात्र दोनपैकी एक होतं. एक तर ती संकोचाने कधीच फोन करत नाही, कारण ‘कधीही’ म्हणजे नेमकं केव्हा ते तिला कळत नाही. नाहीतर ती ऑगस्टमध्ये खरोखर अडचणीत असताना फोन करते, ताई मीटिंगमध्ये असतात, उलट फोन राहून जातो. दोनदा असं झालं की मुलगी समजायचं ते समजते. जेवढं पाळता येईल तेवढंच लिहायचं, मग ते कितीही थोडं असो.

ताईंनी पत्र पुन्हा लिहिलं. त्यातला मुख्य भाग असा होता:

“हिवाळी परीक्षेत एक विषय राहिला तेव्हा तू काही दिवस गप्प होतीस. मग एका रविवारी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन आलीस. मार्क कुठे गेले ते तू स्वतः लाल पेनाने काढलं होतंस. बहुतेक ठिकाणी पायऱ्या न लिहिता थेट उत्तर लिहिलं होतंस. हे मी तुला दाखवलं नव्हतं, तुझं तुला दिसलं. उन्हाळी परीक्षेत तो विषय सुटला तो त्यामुळे. पुढे कुठलाही विषय अडला की आधी हेच कर.

घरात टीव्ही चालू असताना तू पहाटे उठून अभ्यास जुळवलास, हे ऐकल्यापासून ऑफिसात नव्या मुलांना काम देताना मी आधी विचारते की घरी बसायला जागा आहे का. हे मला तुझ्यामुळे सुचलं.

आता थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचं. प्रवेश कॅप फेरीतूनच घे. मुलींची फी माफी त्या प्रवेशांनाच आहे, संस्थेच्या कोट्यातल्या जागेला नाही. नॉन-क्रीमीलेअरचा दाखला पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारा हवा, तो सेतू केंद्रातून आलाय का ते या आठवड्यात बघ. फॉर्मबद्दल तुमच्या विभागातल्या मॅडमना विचार. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी संस्थेतल्या दादांशी मी बोलले आहे, त्यांना तुझं नाव माहीत आहे.

यापुढे आपल्या रविवारच्या भेटी नसतील. डिसेंबरपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी मी तुझ्या फोनसाठी मोकळी असेन. एखाद्या महिन्यात नाही केलास तरी चालेल, मला वाईट वाटणार नाही. डिसेंबरच्या फोनवर पुढचं ठरवू.”

पहिल्या परिच्छेदात ताईंनी एकच प्रसंग घेतला आणि तो पूर्ण सांगितला: काय घडलं, मुलीने काय केलं, त्यातून काय निघालं. श्रेय तिच्या कृतीला दिलं, स्वभावाला नाही. त्यामुळे ती कृती पुन्हा करता येते. वर्षभराच्या सगळ्या आठवणी ओतायचा मोह होतो, पण त्या सगळ्या मिळून पुसट होतात. असा प्रसंग आठवायला मेंटॉरकडे भेटींची वही हवी. प्रत्येक भेटीनंतर दोन ओळी लिहिलेल्या असल्या की जूनमध्ये शोधाशोध करावी लागत नाही.

दुसऱ्या परिच्छेदाने नात्याचा तोल बदलला. पहिल्या मसुद्यात ‘तुझ्यासाठी मी’ होतं, म्हणजे एक देणारी आणि एक घेणारी. आपल्यामुळे या मोठ्या बाईंच्या वागण्यात काही बदललं हे मुलीला बहुधा पहिल्यांदाच कळतं. इथे खरंच बदललेलं काहीतरी छोटं लिहावं. ‘तू मला खूप शिकवलंस’ एवढ्यावर मुलं विश्वास ठेवत नाहीत.

प्रवेशाचा परिच्छेद काहींना रूक्ष वाटतो. मला तो पत्राचा कणा वाटतो. उपक्रम संपतो तो महिना आणि मुलीच्या सर्वांत मोठ्या निर्णयाचा महिना एकच असतो, आणि आधार नेमका तेव्हाच निघून जातो. डिप्लोमावरून इंजिनिअरिंगला जाताना वेगळी सीईटी नसते, डिप्लोमाच्या गुणांवर प्रवेश होतो. त्यामुळे गुण असूनही जागा जाते ती बहुतेक कागदापायी. इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्याने 2024 मध्ये घेतला. ती माफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना आहे, हे ठाऊक नसल्यामुळे घरचे घाईत संस्थेच्या कोट्यातली जागा घेऊन बसतात. अशी दोन वाक्यं पत्रात असली की मुलगी ते पत्र वडिलांसमोर ठेवू शकते. आणि मॅडम, दादा अशी नावं दिल्यामुळे सगळा भार एका ताईवर राहत नाही.

पत्रात जे नव्हतं तेही ताईंनी विचार करून गाळलं होतं. मुलीसाठी घरात स्थळं बघणं सुरू झालंय हे तिने फेब्रुवारीत ताईंना सांगितलं होतं. त्याचा उल्लेख पत्रात नाही. अनेक घरांत फोन सामाईक असतो, मेसेज भाऊ वाचतो, कागद आईच्या हाती पडतो. विश्वासाने सांगितलेली गोष्ट समोरासमोर बोलायची, लिहायची नाही. ताई एरवी इंग्रजीत लिहितात, पण पत्र त्यांनी मराठीत, कागदावर लिहिलं. आईलाही ते वाचता आलं.

विद्यार्थी 18 वर्षांखालचा असेल तर फोनचा परिच्छेद असा परस्पर लिहायचा नाही. उपक्रमानंतर संपर्क ठेवायचा का आणि कसा, हे पालक आणि संस्था यांच्या संमतीने आधी ठरवावं लागतं. तशी संमती नसेल तर पत्रात संस्थेचा क्रमांक द्यावा.

वर्ष संपतंय ही बातमी मात्र या पत्रातून कळता कामा नये. ती तोंडी, दोन महिने आधी सांगायची आणि उरलेल्या प्रत्येक भेटीत ‘अजून तीन भेटी, अजून दोन’ असं आठवण करून द्यायची. या काळात मुलं अनेकदा भेट चुकवतात, उशिरा येतात, तुटक उत्तरं देतात. मेंटॉरला वाटतं, हिचा रस संपला. तसं नसतं. कोणी सोडून जाण्याआधी आपणच थोडं लांब सरकायचं ही त्यांची सवय असते. तेव्हा भेट रद्द न करता ‘पुढच्या रविवारी मी तिथेच थांबते’ असा निरोप धाडावा आणि खरंच थांबावं. वर्षभर न चुकता येणारी मुलगी अचानक दोनदा आली नाही, तर संस्थेलाही कळवावं. कारण कधी कधी मागे स्थळाचा किंवा पैशाचा खरा पेच निघतो.

या जूनमध्ये तुमचंही वर्ष संपत असेल, तर शेवटच्या भेटीच्या आधीच्या आठवड्यात पत्र लिहून समन्वयकाला दाखवा. भेटीत ते हातात द्या, तिथेच वाचू द्या आणि प्रश्न विचारायला निदान अर्धा तास शिल्लक ठेवा. त्याआधी आपलं कॅलेंडर उघडून डिसेंबरपर्यंतचे पहिले रविवार राखून ठेवा. ते जमणार नसतील, तर फोनचा परिच्छेद लिहू नका.