अर्जाची दुसरी प्रत

आमच्या शेजारच्या काकूंचा मोबाईल आठवडी बाजारात गेला. खांद्याला भाजीची पिशवी होती आणि मोबाईल तिच्या बाहेरच्या कप्प्यात होता. कोथिंबिरीची जुडी ठेवताना त्यांना कप्प्याची चेन उघडी दिसली. आत काहीच नव्हतं. त्या तशाच पोलीस ठाण्यात गेल्या. अर्ज लिहून द्या, असं सांगितल्यावर मिळालेल्या कागदावर त्यांनी लिहिलं, ‘माझा मोबाईल आज बाजारात हरवला आहे. तरी कृपया शोध घ्यावा, ही विनंती.’ ठाणे अंमलदारांनी कागद ठेवून घेतला, सापडला तर कळवू म्हणाले, आणि काकू घरी परतल्या.

तिसऱ्या दिवशी नवं सिमकार्ड सुरू झालं, तेव्हा त्यांच्या मुलीने मोबाईल बंद करण्यासाठी दूरसंचार विभागाचं ‘संचार साथी’ हे संकेतस्थळ उघडलं. २०२३ पासून चोरीला गेलेल्या किंवा हरवलेल्या हँडसेटची नोंद तिथे करता येते. अर्जात मोबाईल क्रमांक, आयएमईआय, घटनेची तारीख आणि ठिकाण हे सगळं भरून झालं. मग पोलीस तक्रारीचा क्रमांक आणि तक्रारीची प्रत मागणारा रकाना आला. काकूंकडे दोन्ही नव्हतं.

त्या पुन्हा ठाण्यात गेल्या, तर समोर दुसरेच अंमलदार. कागद कुठे आहे ते कुणालाच सांगता येईना. तो कुठल्याही रजिस्टरला चढलेला नव्हता, त्यामुळे शोधायचा तरी कशाच्या आधारावर? आपण आलो होतो हे काकू कळवळून सांगत होत्या, पण ते दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

इथे दोन चुका झाल्या. पहिली, पोच घेतली नाही. पोच म्हणजे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा गोल शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही आणि आवक क्रमांक. माझा आग्रह असतो की वेळही लिहून घ्यावी. चोरलेल्या मोबाईलवरून तासाभरात कुणाला फसवणुकीचा फोन गेला, तर सिमकार्ड काकूंच्या नावावर असल्याने चौकशी आधी त्यांच्याच दारात येते. त्या वेळी, मोबाईल चोरीला गेल्याचं आपण अमुक वाजताच कळवलं होतं, हे पोचेवरच्या तारीख-वेळेवरून दाखवता येतं.

दुसरी चूक एका शब्दाची. चोरीला गेलेल्या वस्तूला काकूंनी ‘हरवला’ म्हटलं. हरवल्याची नोंद ‘गहाळ’ या सदरात होते. तिचा दाखला मिळतो, त्यावर क्रमांकही असतो आणि नवं सिमकार्ड घ्यायला तो चालतो. पण गहाळ नोंदीत गुन्हा घडल्याचं कुठेच म्हटलेलं नसतं, त्यामुळे चोराच्या तपासाला आधार राहत नाही. मोबाईलचा चोरीचा विमा असेल, तर कंपनी बहुधा एफआयआर मागते आणि गहाळ दाखल्यावर दावा अडतो. म्हणून पिशवीची चेन उघडलेली आढळली असेल, तर तेच लिहावं. मोबाईल कुठे पडला हे खरोखरच माहीत नसेल, तर मात्र गहाळच लिहावं, उगाच चोरी म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिळून नवा अर्ज लिहिला. त्याचा गाभा असा होता :

‘प्रति, मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक यांस. विषय : मोबाईल चोरीची फिर्याद नोंदवून घेणेबाबत. मी बाजारात सायंकाळी ६ वाजता भाजी घेत असताना माझ्या खांद्यावरील पिशवीच्या कप्प्याची चेन उघडून अज्ञात इसमाने माझा मोबाईल माझ्या संमतीशिवाय चोरून नेला. ६ वाजून २० मिनिटांनी ही बाब माझ्या लक्षात आली. मोबाईलचा मेक, मॉडेल, रंग, दोन्ही आयएमईआय क्रमांक व त्यातील सिमकार्डचा क्रमांक खाली दिला आहे. खरेदी किंमत १४,५०० रुपये असून बिलाची प्रत जोडली आहे. त्याच सायंकाळी मी ठाण्यात लेखी अर्ज दिला होता, परंतु त्याची पोच घेतली नव्हती. तरी गुन्हा नोंदवून एफआयआरची प्रत मिळावी.’

पहिल्या अर्जाचा उल्लेख मुद्दाम केला. फिर्याद चार दिवस उशिरा का आली, हा प्रश्न पुढे कुणीही विचारू शकतो. त्याचं खरं उत्तर पहिल्याच कागदात असलेलं बरं.

आयएमईआय म्हणजे हँडसेटचा पंधरा अंकी ओळख क्रमांक. दोन सिमकार्डांच्या मोबाईलला असे दोन क्रमांक असतात. बिलावर किंवा खोक्यावर ते सापडतात. मोबाईल हातात असताना `*#06#` डायल केलं तरी दिसतात, तेव्हा आजच ते एखाद्या वहीत उतरवून ठेवावेत. किमतीचंही महत्त्व आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे. मात्र चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, गुन्हेगाराचा तो पहिलाच गुन्हा असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत मिळाली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे आणि तो प्रकार अदखलपात्र मानला आहे. किंमत लिहिलीच नाही, तर जुन्या मोबाईलचं मोल अंदाजाने ठरतं.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आणखी तीन गोष्टी देतं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. एफआयआरची प्रत फिर्यादीला लगेच आणि विनामूल्य मिळते. आणि नोंद नाकारली, तर तक्रारीचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो, त्यानेही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. या तिसऱ्या वाटेवर शिक्का असलेली प्रत आणि टपालाची पावतीच कामाला येते. आपण आधी ठाण्यात गेलो होतो, हे तिथे दाखवावं लागतं.

काकूंना त्या दिवशी एफआयआरची प्रत मिळाली. वर पोलीस ठाण्याचं नाव, क्रमांक आणि त्याला जोडून वर्ष. हे तिन्ही एकत्र लिहायचं असतं, कारण दरवर्षी प्रत्येक ठाण्याचे क्रमांक पहिल्यापासून सुरू होतात. नुसता ‘१४७’ सांगितला तर कुणाला काही कळत नाही.

रात्री संचार साथीचा अर्ज पूर्ण झाला आणि त्याचा वेगळा विनंती क्रमांक आला. तोही काकूंनी एफआयआरच्या प्रतीवर पेनने लिहून ठेवला. या अर्जानंतर साधारण २४ तासांत तो हँडसेट देशातल्या मोबाईल नेटवर्कवर चालेनासा होतो. कुणी त्यात सिमकार्ड घालून पाहिलं, तर त्याची माहिती पोलिसांपर्यंत पोहोचते. याला मर्यादाही आहेत. वायफायवर तो चालू शकतो, सुटे भाग काढून विकता येतात, आणि देशाबाहेर गेलेल्या हँडसेटला ही बंदी लागू होत नाही.

सात महिन्यांनी काकूंना ठाण्यातून फोन आला. दुसऱ्या जिल्ह्यात कुणीतरी त्या हँडसेटमध्ये आपलं सिमकार्ड घातलं होतं. मोबाईल जप्त होऊन आला, पण तो आता गुन्ह्यातला मुद्देमाल होता. न्यायालयात अर्ज करून, सुपुर्दनामा लिहून तो ताब्यात घ्यावा लागला. अर्जात पहिल्याच ओळीत गुन्ह्याचा क्रमांक मागितला होता. नेटवर्कवरची बंदी उठवताना विनंती क्रमांक लागला. काकूंनी घडी पडून मऊ झालेली एफआयआरची प्रत पिशवीतून काढली आणि दोन्ही क्रमांक त्यावरूनच वाचून सांगितले.