वेतन समीकरणातील एफ चाचणी

अमेरिकेतील १९७६ च्या ५२६ कामगारांची माहिती अर्थमितीच्या पाठ्यपुस्तकांत वारंवार येते. तीत वेतनाचा लॉगॅरिथम शिक्षण, एकूण अनुभव आणि सध्याच्या नोकरीतील वर्षे यांच्या आधारे मांडला, तर आर-वर्ग, म्हणजे या लॉगॅरिथममधील चढउताराचा समीकरणाने उलगडलेला वाटा, ०.३१६ येतो, हे अनिर्बंधित समीकरण होय. शेवटच्या दोन्ही चलांचे गुणांक शून्य आहेत असे गृहीत धरून ती वगळली, की निर्बंधित समीकरण उरते आणि आर-वर्ग ०.१८६ वर घसरतो.

एफ चाचणी ही घसरण योगायोगाची आहे का, हे तपासते: ०.१३० ला निर्बंधांच्या संख्येने, म्हणजे २ ने, भागायचे, न उलगडलेल्या ०.६८४ ला ५२२ ने (५२६ वजा चार गुणांक) भागायचे आणि पहिल्या भागाकाराला दुसऱ्याने भागायचे. उत्तर सुमारे ४९.६ येते, तर पाच टक्के पातळीवरील मर्यादा सुमारे ३ असल्याने दोन्ही निर्बंध एकत्रितपणे फेटाळले जातात. मात्र दोहोंपैकी नेमका कोणता चुकीचा, हे चाचणी सांगत नाही.

नोकरीच्या वर्षांची नोंद नसलेले कामगार केवळ अनिर्बंधित समीकरणातून गळले, तर नमुने वेगळे होतात आणि ही तुलना निरर्थक ठरते.