फोटोत घड्याळ दिसतं, मग ओळीत काय लिहायचं?

पहिला पगार खात्यात जमा झाला की एक-दोन दिवसांत फोटो येतो. आईच्या हातात साडीचा खोका, बाबांच्या मनगटावर घड्याळ, मागे देवघर आणि समोर पेढ्यांचा पुडा. फोटो झकास असतो. खाली मात्र हमखास तेच असतं: ‘पहिल्या पगारातून आई-बाबांसाठी छोटीशी भेट. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद अनमोल!’ ही ओळ खोटी नसते, पण ती कुणाच्याही फोटोखाली चालते. आनंद तर फोटोतच दिसतो. तो शब्दांत पुन्हा सांगितल्याने पाहणाऱ्याला नवं काहीच कळत नाही.

फोटोओळीचं काम फोटोत न दिसणारी गोष्ट सांगण्याचं. वर्तमानपत्रातला उपसंपादक सत्काराच्या फोटोखाली ‘हार घालताना’ एवढंच लिहून थांबत नाही. कुणाचा, कुठे आणि कशाबद्दल सत्कार झाला, हे तो सांगतो. घरच्या फोटोलाही हाच नियम लावावा.

समजा, मुलगा कोल्हापूरकडचा, पुण्यात नव्यानं नोकरीला लागलेला. वडील एसटीत कंडक्टर. त्यांना त्यानं घड्याळ घेतलंय. वस्तू आणि माणसं फोटोत दिसतातच. दिसत नाही ते हे, की घड्याळच का घेतलं आणि ते हातात पडल्यावर वडील पहिल्यांदा काय बोलले. या दोन प्रश्नांची उत्तरं आधी कागदावर उतरवायची. पहिलं उत्तर असं निघालं: जुन्या घड्याळाचा पट्टा बाबांनी तीनदा बदलला, पण घड्याळ बदललं नाही. दुसरं: ‘जुनं चालतंय की अजून!’

त्यातून पहिला मसुदा तयार झाला: ‘तीनदा पट्टा बदलला, पण बाबांनी नवं घड्याळ घेतलं नाही. पहिल्या पगारातून मी घेतलं.’ वाचायला चांगला आहे, पण त्यात एक मेख आहे. तो मामा-काकांच्या ग्रुपवर गेला की वडिलांची काटकसर ओढगस्तीसारखी दिसते, आणि ‘मी घेतलं’ हा शेवट सगळं श्रेय मुलाच्या पदरात टाकतो. ‘आयुष्यभर स्वतःसाठी काही घेतलं नाही’ या लोकप्रिय वाक्याचीही हीच गत होते. मुलाला त्यात कृतज्ञता वाटते, वडिलांना चारचौघांत संकोच वाटतो. म्हणून ओळ टाकण्याआधी ती ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवावी. ‘ते पट्ट्याचं कशाला लिहितोस?’ असं बाबा म्हणाले, तर ते काढायचं. त्यावर हुज्जत घालायची नाही.

पट्टा गेला तरी कारण उरतंच, ते फक्त दुसऱ्या बाजूनं सांगायचं: ‘बाबांची पहाटेची एसटी घड्याळावर सुटते. पहिल्या पगारातून त्यांना हे नवं घड्याळ. बाबा म्हणाले, “जुनं चालतंय की अजून!”’ इथे वडिलांचं काम आलं, भेट का निवडली ते आलं आणि त्यांचा स्वभाव त्यांच्याच तोंडून आला. ‘कष्ट’, ‘त्याग’, ‘ऋण’ यांतला एकही शब्द लागला नाही. बोललेलं वाक्य मात्र बोलीसकट तसंच ठेवावं. त्याचं ‘जुने घड्याळ अजून चालू आहे’ केलं की त्यातले बाबा निघून जातात.

आईच्या भेटीबाबत आणखी एक गोष्ट तपासावी. फोटोत मिक्सर असेल आणि खाली ‘आईसाठी’ लिहिलं असेल, तर तो खरंच आईसाठी आहे का? चटणी सगळेच खाणार. तेव्हा ‘घरासाठी मिक्सर, आईच्या पसंतीचा’ हे जास्त खरं. साडी किंवा चप्पल तिच्या एकटीची. तिथे ‘आईसाठी’ शोभतं, आणि रंग कुणी निवडला हेही लिहिता येतं.

लांबीचं गणित सोपं आहे. इन्स्टाग्रामवर २,२०० अक्षरांपर्यंत मजकूर चालतो, पण फोटोखाली सुरुवातीचा थोडाच भाग उघडा दिसतो, बाकीचा more या शब्दामागे जातो. त्यामुळे एसटी आणि घड्याळ पहिल्याच वाक्यात हवं, आभार मागाहून. व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तासांत जातं. तिथे बाबांचं एक वाक्यही पुरतं.

टाकण्यापूर्वी फोटो मोठा करून कडा बघाव्यात. खोक्यावरच्या चिकटपट्टीवर घरचा पत्ता आणि फोन नंबर असतो, बाजूला बिल पडलेलं असतं, कधी गळ्यातलं ओळखपत्रही दिसतं. इन्स्टाग्रामवर मजकूर नंतर बदलता येतो, पण टाकलेला फोटो बदलता येत नाही. वस्तूची किंमत तर ओळीतही नको. ती कळली की बघणारे घड्याळ सोडून पगाराचा हिशेब करायला लागतात.

शेवटी महिना, वर्ष आणि गाव लिहावं. दहा वर्षांनी फोन बदललेला असेल, फोटो कुठल्या तरी फोल्डरमध्ये सापडेल, आणि पगार नक्की कधीचा यावरून घरात वाद होतील. फोटो छापून घेतला तर हीच ओळ मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं, फार न दाबता लिहावी. शाई पुढच्या बाजूला उमटू शकते.